तीन चाचण्या, तीन मुदती

गरोदर बाईचे नाव आरोग्य केंद्रात पहिल्यांदा नोंदवले जाते, त्या दिवशी तिचे वजन होते, रक्तदाब पाहिला जातो, हिमोग्लोबिन आणि साखर तपासली जाते. त्याच दिवशी आणखी तीन गोष्टी तपासायच्या असतात: एचआयव्ही, सिफिलिस आणि हिपॅटायटिस बी. घरी आल्यावर सासूबाई विचारतात, "रक्त किती भरलं?" आणि हिमोग्लोबिनचा आकडा सांगितला जातो. उरलेल्या तीन चाचण्यांचे काय झाले, हे बहुतेक घरांत कोणी विचारत नाही. कित्येकदा त्या झाल्या की नाही, हेच कोणाला ठाऊक नसते.

या तिन्ही आजारांत आईला काहीही जाणवत नसू शकते. ती धडधाकट असते, घरातले आणि शेतातले काम करत असते आणि संसर्ग मात्र बाळापर्यंत पोचतो. तिन्हींत बाळाला वाचवण्याचा खात्रीचा मार्ग आहे. पण हा मार्ग प्रत्येक आजाराला वेगळ्या वेळी खुला असतो. सिफिलिसचा उपचार बाळंतपणाच्या किमान ३० दिवस आधी सुरू झालेला हवा. एचआयव्हीच्या गोळ्या जितक्या लवकर सुरू होतील तितके चांगले, आणि जन्मानंतर बाळाचे औषधही लगेच सुरू व्हावे लागते. हिपॅटायटिस बीमध्ये सर्वांत मोठे काम जन्मानंतरच्या पहिल्या २४ तासांत करायचे असते. चाचणी वेळेवर झाली आणि पुढची कृती उशिरा झाली, तर त्या चाचणीचा बाळाला उपयोग होत नाही. बाळे बहुतेक वेळा इथेच, रिपोर्ट आणि कृती यांच्या मधल्या दिवसांत, हातची जातात.

या तिघांत सिफिलिसबद्दल सर्वांत कमी बोलले जाते, म्हणून आधी त्याच्याकडे येऊ. जुन्या लोकांना हा आजार 'गरमी' म्हणून माहीत होता. पेनिसिलिन आल्यावर तो संपला, अशी अनेकांची समजूत आहे. तो संपलेला नाही. त्याचा सूक्ष्मजंतू आईच्या रक्तातून वारेत आणि वारेतून बाळात जातो. आईवर उपचार झाले नाहीत तर निम्म्याहून अधिक गरोदरपणांत काही ना काही अनर्थ होतो: गर्भपात होतो, बाळ पोटातच दगावते, दिवस भरण्याआधी जन्मते, किंवा आजार घेऊन जन्मते. 'पोटातच गेलं' असे म्हणून घरचे जे बाळ पुरून येतात, त्यामागे कधी कधी हाच आजार असतो आणि तपास न झाल्याने पुढच्या खेपेलाही तेच घडते.

एक उदाहरण घेऊ. नाव आणि तारखा मी मांडणीसाठी घेतल्या आहेत, पण असा क्रम बीडच्या डोंगरपट्ट्यात सहज घडू शकतो. सविता २२ वर्षांची, पहिलटकरीण. शेवटची पाळी १ जूनला आली, म्हणजे बाळंतपणाची अंदाजे तारीख ८ मार्च. नवरा-बायको दोघे ऊसतोडीला जातात. मुकादमाकडून उचल घेतलेली आहे, त्यामुळे दसरा-दिवाळीच्या सुमारास टोळी निघाली की त्यांना थांबता येणार नाही. ती ९ सप्टेंबरला प्राथमिक आरोग्य केंद्रात येते. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी केंद्रांत गरोदर स्त्रियांची विशेष तपासणी असते, म्हणून आशाताईंनी तिला त्याच दिवशी आणले आहे. तिला नुकताच चौथा महिना लागला आहे.

सिस्टर तिच्या बोटाला टोचतात. रक्ताचा एक थेंब एका छोट्या पट्टीच्या खाचेत पडतो, त्यावर द्रावणाचे काही थेंब. ही एचआयव्ही आणि सिफिलिस एकाच वेळी दाखवणारी जोडकिट आहे. १५ ते २० मिनिटांत तिच्यावर रेघा उमटतात. एक रेघ किट नीट चालल्याची खूण असते, ती उमटलीच पाहिजे. नाही उमटली तर किट फेकून पुन्हा चाचणी करायची. सविताच्या पट्टीवर ही रेघ आली, एचआयव्हीची जागा कोरी राहिली आणि सिफिलिसच्या जागी दुसरी रेघ दिसली.

या रेघेचा अर्थ नेमका समजून घ्यायला हवा. किट शोधते ती सिफिलिसच्या जंतूविरुद्ध शरीराने तयार केलेली प्रतिद्रव्ये. ती एकदा तयार झाली की उपचारानंतरही बहुधा आयुष्यभर रक्तात राहतात. त्यामुळे ही रेघ आजच्या आजाराची असू शकते, तशीच पूर्वी होऊन बरा झालेल्या आजाराचीही. आज आजार किती सक्रिय आहे हे कळण्यासाठी दुसरी चाचणी लागते, ती आरपीआर किंवा व्हीडीआरएल. तिचा निकाल १:४, १:१६ असा येतो. रक्ताचा अंश किती पट पातळ केला तरी चाचणी पॉझिटिव्ह येते, ते हा आकडा सांगतो. उजवीकडचा आकडा जितका मोठा, तितका आजार साधारणपणे जास्त सक्रिय.

आता सविताच्या बाबतीत दोन रस्ते फुटतात.

पहिल्या रस्त्यावर डॉक्टर म्हणतात, आधी आरपीआरचा रिपोर्ट येऊ दे. नमुना ग्रामीण रुग्णालयात जातो. आठवड्याने रिपोर्ट येतो, १:१६. पण सविताला पुढची तारीख मिळालेली असते ९ ऑक्टोबरची, आणि ती त्याच दिवशी येते. पहिले इंजेक्शन ९ ऑक्टोबरला, दुसरे १६ ऑक्टोबरला. तिसरे २३ तारखेला द्यायचे असते, पण टोळी १८ तारखेलाच निघून जाते. आजार नेमका कधी लागला हे माहीत नसेल तर आठवड्याच्या अंतराने तीन इंजेक्शने लागतात आणि दोन इंजेक्शनांमधले अंतर १४ दिवसांपेक्षा जास्त होता कामा नये. सविता दुसऱ्या जिल्ह्यात उसाच्या फडावर आहे, तिथे तिचा कागद कोणाकडे नाही, आणि तिचा उपचार अर्धवट राहिला आहे हे तिला स्वतःलाही कळलेले नाही. 'दोन इंजेक्शनं झाली की,' असेच ती सांगेल.

दुसऱ्या रस्त्यावर रेघ दिसताच त्याच दिवशी, त्याच केंद्रात पहिले इंजेक्शन दिले जाते. आरपीआरसाठी रक्त घेतले जाते, पण त्याच्यासाठी उपचार थांबवत नाहीत. मग तारखा होतात ९, १६ आणि २३ सप्टेंबर. टोळी निघण्याच्या बऱ्याच आधी उपचार पूर्ण. तुलनेने कमी खर्चाची तीच चाचणी, तेच औषध, तीच बाई. फरक फक्त पहिले इंजेक्शन कोणत्या दिवशी दिले याचा. जागतिक आरोग्य संघटनेचा सल्लाही हाच आहे: गरोदर बाईची जलद चाचणी पॉझिटिव्ह आली की पहिला डोस त्याच भेटीत द्या. जुन्या, बऱ्या झालेल्या आजारासाठी एखादे जादा इंजेक्शन गेले तर नुकसान नाही. खऱ्या आजाराचे इंजेक्शन चुकले तर बाळ जाते.

हे औषध म्हणजे बेंझाथिन पेनिसिलिन, एका वेळी २४ लाख युनिट. पांढऱ्या पावडरीत पाणी घालून ते हलवले की दाट, दुधासारखे मिश्रण तयार होते. ते बारीक सुईतून जात नाही, मध्येच अडकते, म्हणून जाड सुई लागते. १२ लाख एका कुल्ल्यात आणि १२ लाख दुसऱ्यात, असे सावकाश दाबून देतात. दुखते, आणि चांगलेच दुखते. हे बाईला आधी सांगितले नाही तर ती पुढच्या आठवड्याला यायला तयार होत नाही. औषध स्नायूतून हळूहळू रक्तात उतरत राहते, त्यामुळे एका इंजेक्शनचा परिणाम काही आठवडे टिकतो. इतक्या दशकांच्या वापरानंतरही हा जंतू पेनिसिलिनला दाद देईनासा झालेला नाही.

मग इंजेक्शन टळते कशामुळे? पुष्कळदा डॉक्टरांच्या मनातल्या रिॲक्शनच्या भीतीमुळे. पेनिसिलिनची जीवघेणी ॲलर्जी खरी आहे, पण फार विरळ आहे. आधी नीट विचारपूस करणे, ॲड्रेनालिन हाताशी ठेवणे आणि बाईला अर्धा तास बसवून ठेवणे, एवढी तयारी प्रत्येक आरोग्य केंद्रात होऊ शकते. या भीतीपोटी पुष्कळदा दुसऱ्या गोळ्या दिल्या जातात, एरिथ्रोमायसिन किंवा ॲझिथ्रोमायसिन. आईला त्या लागू पडल्या तरी वारेतून बाळापर्यंत पुरेशा पोचत नाहीत. म्हणजे आईच्या कागदावर 'उपचार झाला' असे लिहिले जाते आणि बाळ तसेच राहते. एक गोष्ट मात्र बाईला सांगून ठेवायला हवी: पहिल्या इंजेक्शननंतर २४ तासांत ताप, अंगदुखी, कधी पोटात कळा येऊ शकतात. ही ॲलर्जी नसते; जंतू एकदम मेल्यामुळे शरीर तसे वागते. कळा वाढल्या किंवा बाळाची हालचाल कमी वाटली तर लगेच दवाखाना गाठायचा.

नवऱ्यालाही इंजेक्शन हवे. नाहीतर सविता बरी होईल आणि पुन्हा संसर्ग घेईल. इथे घरात जो प्रश्न उठतो तो मला फार छळतो: कोणाकडून आले? गरोदरपणामुळे बाईची तपासणी आधी होते, म्हणून ती आधी दोषी ठरते. नवऱ्याची तपासणी कोणी केलेलीच नसते. समुपदेशकाने दोघांना एकत्र बसवून तपासले आणि दोघांवर उपचार केले, तर ही वेळ टळते. निव्वळ कागद हातात देऊन घरी पाठवले तर टळत नाही.

दुसऱ्या रस्त्यावरची सविता ८ मार्चच्या सुमारास बाळंत होते. तिचा आरपीआर १:१६ वरून १:४ वर आलेला असतो, म्हणजे चार पट उतरलेला. बाळाचेही रक्त तपासले जाते, पण ते नाळेतून न घेता बाळाचेच घेतात, कारण नाळेत आईचे रक्त मिसळलेले असू शकते. आईची प्रतिद्रव्ये बाळात उतरलेली असतातच, त्यामुळे बाळाची चाचणी पॉझिटिव्ह येणे म्हणजे बाळ आजारी, असे नाही. बाळाचा आकडा आईच्या चौपट किंवा त्याहून जास्त, इथे १:१६ वा अधिक, आला तर मात्र आजार धरून चालतात. बाळाला एक इंजेक्शन द्यायचे ठरले तर वजनाच्या किलोमागे ५०,००० युनिट, २.६ किलोच्या बाळाला १ लाख ३० हजार. मग नियमित तपासणी. पहिल्या रस्त्यावरच्या सविताचे बाळ जिवंत जन्मले तर त्याला नवजात कक्षात १० ते १५ दिवस रोज पेनिसिलिन द्यावे लागते, आणि हे बाळ दिसायला अगदी ठणठणीत असले तरी द्यावे लागते. आजार घेऊन जन्मलेली पुष्कळ बाळे पहिल्या दिवशी निरोगीच दिसतात. नाकातून सतत स्राव, तळहात-तळपायांची निघणारी कातडी, वाढलेले यकृत, हात न हलवणे ही लक्षणे नंतर उमटतात, आणि तोवर आई घरी गेलेली असते.

एचआयव्हीच्या बाबतीत आपली यंत्रणा जास्त रुळलेली आहे, म्हणून त्याबद्दल थोडक्यात. काहीही न केल्यास १०० बाळांपैकी १५ ते ४५ जणांना आईकडून संसर्ग होतो. आईने गरोदरपणात लवकर गोळ्या सुरू केल्या, त्या चुकवल्या नाहीत आणि रक्तातला विषाणू मोजता न येण्याइतका खाली गेला, तर हे प्रमाण १-२ टक्क्यांच्याही खाली येते. भारतात हा कार्यक्रम २००२ पासून सुरू आहे, आणि त्यामागच्या संशोधनात पुण्याचा वाटा आहे. ससून रुग्णालय आणि बी. जे. वैद्यकीय महाविद्यालयात, तसेच इथिओपिया आणि युगांडात एक अभ्यास झाला. स्तनपान घेणाऱ्या बाळांना नेविरापिनचा एकच डोस द्यावा की सहा आठवडे रोज द्यावे, हा प्रश्न होता. २००८ साली निष्कर्ष आले: सहा आठवड्यांच्या वयाला संसर्ग झालेल्या बाळांचे प्रमाण रोजच्या औषधाने निम्म्यावर आले. आज एचआयव्ही असलेल्या आईच्या बाळाला सहा आठवडे रोज जे गोड सिरप दिले जाते, त्याच्या मागे पुण्यातल्या या आयांचाही सहभाग आहे.

पट्टीवरची एचआयव्हीची रेघ हा अंतिम निकाल नसतो. एकात्मिक समुपदेशन व चाचणी केंद्रात वेगवेगळ्या तीन किटवर खात्री केल्यावरच निदान सांगतात. त्यानंतर एआरटी केंद्रातून रोज एक गोळी, कायमची, मोफत. बाळाची तपासणी सहा आठवड्यांनी टाचेच्या रक्तावर होते, पुन्हा ठरावीक महिन्यांनी होते आणि १८ महिन्यांच्या तपासणीनंतर निकाल पक्का होतो. दूध पाजायचे असेल तर पहिले सहा महिने फक्त आईचेच पाजावे. बाळाला मध चाटवणे, गुटी देणे, रडले म्हणून वरचे दूध पाजणे यांनी बाळाच्या आतड्याच्या कोवळ्या अस्तराला इजा होते आणि विषाणूला वाट मिळते. हे सांगायचे असते आजीला, कारण गुटी उगाळणारी तीच असते. पण सुनेचा आजार तिला माहीत असेलच असे नाही. म्हणून 'सहा महिने अंगावरचेच दूध, दुसरे काही नाही' हा नियम डॉक्टरांनी सगळ्याच बाळांसाठी सगळ्याच आज्यांना सांगितला, तर एका सुनेचे गुपितही राहते आणि बाळही सांभाळले जाते. २०१७ च्या एचआयव्ही कायद्याने हे गुपित राखणे रुग्णालयावर बंधनकारक केले आहे.

हिपॅटायटिस बी, लोकांच्या तोंडी 'पांढरी कावीळ', याचे गणित निराळे आहे. हा संसर्ग प्रौढपणी झाला तर बहुतेकांच्या शरीरातून विषाणू आपोआप जातो. जन्मताना झाला तर १० पैकी ९ बाळांत तो कायमचा ठाण मांडतो. बाळ हसते-खेळते, शाळेत जाते, आणि तिशी-चाळिशीत यकृत आकसल्याचे किंवा यकृताच्या कर्करोगाचे निदान होते. तेव्हा कोणी आईच्या बाळंतपणापर्यंत मागे जात नाही.

हा विषाणू प्रामुख्याने प्रसूतीच्या वेळी, रक्त आणि स्रावांतून बाळाला लागतो. पण तो आजार जम बसवायला आठवडे घेतो, आणि लस त्या आधीच बाळाची प्रतिकारशक्ती जागी करू शकते. लस आयुष्याच्या पहिल्या २४ तासांत द्यायची ती यासाठी. अर्धा मिलिलिटर, मांडीच्या बाहेरच्या बाजूला. आई पॉझिटिव्ह असल्याचे माहीत असेल तर दुसऱ्या मांडीत इम्युनोग्लोब्युलिनचे इंजेक्शनही, शक्यतो १२ तासांच्या आत. यात तयार प्रतिद्रव्ये असतात. लसीचा परिणाम सुरू होईपर्यंत ती पहारा देतात. पुढचे डोस ६, १० आणि १४ आठवड्यांना पेंटाव्हॅलंट लसीतून मिळतात. हे सगळे वेळेवर झाले तर १० पैकी ९ हून अधिक बाळे सुटतात. उरलेल्यांत बहुतेक वेळा आईच्या रक्तात विषाणू फार जास्त असतो. म्हणून पॉझिटिव्ह आईचा व्हायरल लोड पाहतात, आणि तो मिलिलिटरमागे दोन लाख युनिट किंवा त्याहून जास्त असेल तर २८ व्या आठवड्यापासून रोज टेनोफोविर देतात. या आईने बाळाला अंगावर पाजायला काहीच हरकत नाही.

इथे घोळ कुठे होतो ते पाहा. बाळ शनिवारी रात्री एका नर्सिंग होममध्ये जन्मते. रविवारी लस देणारी सिस्टर नाही. सोमवारी डिस्चार्ज, आणि 'लसी लसीकरणाच्या दिवशी घेऊन या' असे सांगतात. आई चार दिवसांनी जाते तेव्हा बीसीजी आणि पोलिओ मिळतो, हिपॅटायटिसचा जन्मडोस मात्र निसटलेला असतो. सरकारी दवाखान्यात दुसरी अडचण: कुपीत १० डोस असतात, एका बाळासाठी ती फोडली तर बाकी वाया जातील या धास्तीने कुपी फोडतच नाहीत. खरे तर योग्य तापमानात ठेवलेली उघडलेली कुपी २८ दिवसांपर्यंत वापरण्याची परवानगी आहे. लस प्रसूतिगृहाच्या फ्रिजमध्येच असावी आणि प्रसूती करणाऱ्या सिस्टरनेच ती द्यावी, एवढ्या व्यवस्थेने हे बाळ वाचते.

आणि एक आपल्याकडची खास अडचण. पहिले बाळंतपण माहेरी. तपासण्या सासरच्या गावी, प्रसूती माहेरच्या. सातव्या महिन्यानंतर मुलगी येते ती साड्या, ओटीचे सामान आणि सोनोग्राफीची फाईल घेऊन. माता-बाल संरक्षण कार्ड सासरच्या कपाटात राहते. मग ती कळा सुरू झाल्यावर थेट लेबर रूममध्ये पोचते आणि तिच्या रक्ताचा काही पत्ता नसतो. अशा वेळी तिथेच जलद चाचणी करायची असते, रात्रीचे दोन वाजले असले तरी. सुरुवातीची चाचणी निगेटिव्ह असलेल्या बाईलाही मधल्या महिन्यांत नवा संसर्ग होऊ शकतो, म्हणून जोखीम असेल तर सातव्या-आठव्या महिन्यात चाचणी पुन्हा करावी.

घरात कोणी गरोदर असेल तर तिच्या कार्डावर एचआयव्ही, सिफिलिस आणि हिपॅटायटिस बी या तिन्ही चाचण्या झाल्याची तारीख आहे का, हे तिला पाहायला सांगा. नसेल तर पुढच्या भेटीत मागून घ्यायला सांगा. खाजगी डॉक्टरांकडे जात असाल तरीही विचारा. माहेरी जाताना कार्ड पिशवीत सर्वांत वर ठेवा. सिफिलिसचे इंजेक्शन सुचवले असेल तर तीनही पूर्ण करा आणि नवऱ्याला सोबत न्या. आणि बाळ जन्मले की पेढे आणायला निघण्यापूर्वी सिस्टरांना विचारा: हिपॅटायटिस बीची लस दिली का, किती वाजता दिली? एचआयव्हीविषयी काहीही विचारायचे असेल तर १०९७ हा सरकारचा मोफत दूरध्वनी क्रमांक आहे. तिथे नाव सांगावे लागत नाही.